कोणत्याही अक्षाभोवतीचे परिवलन : पाच मॅट्रिक्सची रीत आणि अक्ष-कोन सूत्र – एक चिकित्सा

प्रास्ताविक

त्रिमितीय अवकाशात X, Y किंवा Z अक्षाभोवती वस्तू फिरविण्याची मॅट्रिक्स विद्यार्थ्यास सहज लिहिता येते. अक्ष तिरपा असला की मात्र अडचण सुरू होते. तिच्यावर दोन उपाय प्रचलित आहेत. संगणक-आलेखनाच्या पाठ्यपुस्तकांत, उदाहरणार्थ हर्न व बेकर यांच्या ग्रंथात, तिरपा अक्ष आधी Z अक्षावर आणून बसविण्याची रीत विस्ताराने दिलेली असते. यामिकीच्या ग्रंथांत अक्ष आणि कोन यांवरून थेट उत्तर देणारे सूत्र असते. दोन्हींचे उत्तर एकच येते, परंतु अध्यापनाच्या दृष्टीने त्यांचे मोल सारखे नाही. प्रस्तुत लेखात एकच उदाहरण दोन्ही रीतींनी सोडवून त्यांची चिकित्सा केली आहे.

पाच मॅट्रिक्सची रीत

अक्ष आरंभबिंदूतून जातो आणि त्याच्या दिशेचा एकक सदिश u = (a, b, c) आहे, असे मानू. प्रथम X अक्षाभोवती α कोनातून फिरवून u हा XZ प्रतलात आणावयाचा. नंतर Y अक्षाभोवती फिरवून तो Z अक्षावर आणावयाचा, Z भोवती इष्ट कोन θ फिरवावयाचा आणि शेवटी पहिल्या दोन क्रिया उलट क्रमाने मागे घ्यावयाच्या. म्हणजे

```
R = Rx(−α) Ry(β) Rz(θ) Ry(−β) Rx(α)
d = √(b² + c²),  cos α = c/d,  sin α = b/d
cos β = d,  sin β = a
```

अक्ष आरंभबिंदूतून जात नसेल, तर आधी आणि शेवटी स्थानांतराची एकेक मॅट्रिक्स जोडून ही संख्या सातवर जाते.

या रीतीत एक चांगला विचार दडलेला आहे. अवघड प्रश्न सोयीच्या जागी न्यावा, तेथे सोडवावा आणि उत्तर परत आणावे, हा तो विचार होय. मात्र तिचे दोष दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. u हा X अक्षावरच असेल तर d शून्य होते आणि c/d ला अर्थ उरत नाही. वास्तविक X अक्षाभोवतीचे परिवलन हे सर्वांत सोपे. तरी ही रीत नेमकी तेथे अडते आणि त्यासाठी α = 0 असा अपवाद वेगळा सांगावा लागतो. ही अडचण परिवलनात नाही, वाट निवडण्यात आहे. शिवाय पहिली फिरवणी धन कोनातून आणि दुसरी ऋण कोनातून का, हे आकृतीशिवाय ध्यानात राहत नाही. चिन्ह चुकले की u हा Z अक्षावर पोहोचतच नाही.

सूत्राची उपपत्ती

अक्ष-कोन सूत्रास ओलिंद रॉड्रिग्ज यांचे नाव दिले जाते. त्यांचा परिवलनांवरील निबंध १८४० मधील आहे. त्या काळी आजची सदिश व मॅट्रिक्स-लेखनपद्धती नव्हती, त्यामुळे आजचे त्याचे रूप हे नंतरच्या लेखनाचे आहे.

उपपत्ती एका निरीक्षणावर उभी आहे. कोणत्याही सदिश v चे दोन भाग करता येतात. अक्षाला समांतर भाग u(u·v) परिवलनात बदलत नाही. अक्षाला लंब असलेला भाग w = v − u(u·v) हा अक्षाला लंब असलेल्या प्रतलात θ कोनातून फिरतो. त्या प्रतलात w शी काटकोन करणारा आणि तेवढ्याच लांबीचा सदिश u × v हा आहे. म्हणून फिरलेला भाग w cosθ + (u × v) sinθ इतका होतो. दोन्ही भागांची बेरीज केली की सूत्र मिळते :

```
v' = v cosθ + (u × v) sinθ + u (u·v)(1 − cosθ)
```

येथे भागाकार नाही, म्हणून अपवादही नाही. X अक्ष असो वा तिरपा अक्ष, सूत्र सर्वांना सारखेच लागू पडते. p या बिंदूतून जाणाऱ्या अक्षासाठी v च्या जागी v − p घेऊन उत्तरात p मिळविले की पुरते.

एक उदाहरण

(१, १, १) या दिशेच्या अक्षाभोवती १२०° चे परिवलन घेऊ. पहिल्या रीतीत α = ४५° आणि β सुमारे ३५.२६° येतो. त्यानंतर पाच मॅट्रिक्सचा गुणाकार वर्गमुळांसह करावा लागतो. सूत्राने मात्र u चा प्रत्येक घटक १/√३, cosθ = −१/२ आणि sinθ = √३/२ आहे. मुख्य कर्णावरील प्रत्येक पद −१/२ + (३/२)(१/३) म्हणजे शून्य होते. उरलेली पदे १/२ + १/२ किंवा १/२ − १/२ अशी येतात.

```
    | 0  0  1 |
R = | 1  0  0 |
    | 0  1  0 |
```

याचा अर्थ X अक्ष Y वर, Y अक्ष Z वर आणि Z अक्ष X वर जातो. घनाच्या कर्णाभोवती घन एक तृतीयांश फेरा फिरविला तर हेच घडते.

चुका आणि त्यांची ओळख

सूत्राच्या वापरात दोन चुका विशेष संभवतात. पहिली, u एकक न करणे. वरील उदाहरणात (१, १, १) तसाच घातला, तर (१, १, १) हा सदिश स्थिर राहण्याऐवजी (४, ४, ४) होतो आणि X अक्षावरील एकक सदिशाची लांबी √७ होते. ही चूक ओळखणे सोपे आहे. मुख्य कर्णावरील पदांची बेरीज १ + २cosθ, म्हणजे येथे शून्य, यावयास हवी. ती ३ येते.

दुसरी चूक चिन्हाची असून ती अधिक फसवी आहे. गोल्डस्टीन यांच्या ‘क्लासिकल मेकॅनिक्स’च्या दुसऱ्या आवृत्तीत (१९८०) sin च्या पदात सदिश गुणाकाराचा क्रम उलट आहे, कारण तेथे परिवलन घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने धरले आहे. ते सूत्र चुकीचे नाही, संकेत वेगळा आहे. परंतु भौतिकशास्त्राच्या ग्रंथातून ते उचलून उजव्या हाताच्या नियमाने चालणाऱ्या आज्ञावलीत घातले, की वस्तू उलट फिरते. लांबी कायम राहते, निश्चयक १ येतो, कर्णावरील बेरीजही बरोबर येते. त्यामुळे या कसोट्या येथे निरुपयोगी ठरतात. एक ज्ञात सदिश फिरवून पाहणे, म्हणजे X अक्ष Y वर गेला की Z वर हे तपासणे, हाच उपाय उरतो. ती तपासणी १८०° च्या उदाहरणाने करून चालत नाही, कारण तेथे sinθ शून्य असून दोन्ही संकेतांचे उत्तर एकच येते.

समारोप

पाच मॅट्रिक्सची रीत अभ्यासक्रमातून काढून टाकावी, असे या चिकित्सेतून निष्पन्न होत नाही. मॅट्रिक्सच्या गुणाकाराचा क्रम शिकविण्यास ती उपयुक्तच आहे. परंतु केवळ तिच्या पायऱ्या क्रमाने लिहून पूर्ण गुण मिळत असतील, तर परिवलनात काय स्थिर राहते आणि काय फिरते, हे न कळताही विद्यार्थी उत्तीर्ण होतो. सूत्राची उपपत्ती आधी आणि पायऱ्यांची रीत नंतर, असा क्रम ठेवल्यास दुसरी रीत पहिलीचा ताळा म्हणून वापरता येईल. प्रश्नपत्रिकेतही मॅट्रिक्स काढण्याबरोबरच ‘अक्ष स्वतःवरच राहतो, हे दाखवा आणि एक सदिश फिरवून दिशा तपासा’ एवढी जोड दिली, तर परीक्षा पाठांतराची न राहता आकलनाची होईल.