मायना आणि अखेर

आमच्या परिचयाचे एक गृहस्थ यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयाचे कार्यवाह आहेत. पुण्याच्या एका ग्रंथविक्रेत्याशी ई-मेलने झालेला आपला सगळा पत्रव्यवहार त्यांनी मध्यंतरी आमच्यापुढे ठेवला आणि विचारले, "यात माझे काय चुकले ते सांगा." पत्रे अवघी 7. त्यांत अपशब्द नाही, आरोप नाही. तरीही चौथ्या पत्रापासून उभय पक्षांचे मन एकमेकांविषयी उतरले होते, हे कोणासही दिसावे. आम्ही ती पत्रे एखाद्या पुस्तकाचे परीक्षण करावे तशी दोनदा वाचली, आणि आमची खात्री झाली की दोष मजकुरापेक्षा मायन्यात आणि अखेरीत अधिक आहे.

कार्यवाहांच्या पहिल्या पत्राचा मायना "मा. महोदय" असा असून अखेरीस "आपला विश्वासू" असे होते. अनोळखी कचेरीस लिहिताना याहून निराळे कोणी लिहीत नाही. उत्तर आले ते मात्र "नमस्कार साहेब" अशा आरंभाचे, आणि खाली "स्नेहपूर्वक" लिहून एका बाईंनी हुद्द्याऐवजी केवळ आपले नाव लिहिलेले. कार्यवाह सुखावले. तिसऱ्या पत्रात त्यांनी कित्येक वर्षांत न वापरलेले "स. न. वि. वि." बाहेर काढले आणि शेवटी "लोभ असावा ही विनंती" असेही लिहिले. (समोर बसलेल्या माणसास ते वऱ्हाडी रीतीने "भाऊ" म्हणतात, पत्रात तसे लिहिण्याचा धीर त्यांस अद्याप झालेला नाही.)

पुढे ग्रंथांचे पार्सल आले. बिल 43 पुस्तकांचे, आणि आत 40. कार्यवाहांनी ही गोष्ट त्याच पत्रात सौम्यपणे कळविली होती. त्यावर चौथे पत्र आले ते असे : "महोदय, आपली तक्रार प्राप्त झाली. चौकशी करून कळविण्यात येईल. आपला विश्वासू." खाली नाव नाही, केवळ विभागाचा उल्लेख. वाचनालयाचा हिशेब 31 मार्चपूर्वी पुरा व्हावयाचा असल्याने कार्यवाह आधीच चिंतेत होते. त्यांनीही "महोदय" या एका शब्दाने उत्तर धाडले आणि "मा." देखील गाळला.

आता चौथे पत्र एकटे वाचावे. त्यात खटकण्यासारखे काय आहे? काहीच नाही. तेच जर पहिले उत्तर म्हणून आले असते, तर कार्यवाहांनी "कचेरी तत्पर आहे" असेच म्हटले असते. परंतु ते दुसऱ्या पत्रानंतर आले. "नमस्कार साहेब" या पायरीवरून "महोदय" या पायरीवर उतरणे म्हणजे ओसरीवर बसविलेल्या माणसास पुन्हा फाटकाबाहेर उभे करणे होय. मायन्याची ऊब त्या शब्दात साठविलेली नसते. मागील पत्रातील मायना व आजचा मायना यांमधील अंतरावरून वाचणारा ती ठरवितो.

हे आमच्या जुन्या पत्रलेखकांस पुरते ठाऊक होते. "तीर्थरूप", "चिरंजीव", "राजमान्य राजश्री" हे मायने नात्याचा व दर्जाचा निर्देश करीत, आणि एकदा ठरलेला मायना सहसा बदलत नसे. म्हणूनच तो बदलला की घरात चर्चा होई. सरकारी दप्तरानेही ही गोष्ट ओळखली आहे. साध्या शासकीय पत्रात "महोदय" असते. परंतु एका अधिकाऱ्यास दुसऱ्या अधिकाऱ्याचे लक्ष जातीने वेधावयाचे असले म्हणजे तो अर्धशासकीय पत्र लिहितो, त्यात नावाने संबोधन करतो आणि स्वतःच्या नावाने सही करतो. काम तेच, कचेरी तीच; फरक काय तो मायन्याचा आणि अखेरीचा. ई-मेलमध्ये हा पत्रप्रकारांचा भेद नाहीसा झाला, आणि कोणत्या पायरीवर उभे राहावे हे प्रत्येकाने प्रत्येक वेळी स्वतःच ठरवावे लागते.

तथापि मायनाच सर्वस्व आहे असे मात्र कोणी समजू नये. आम्ही एक प्रयोग करून पाहिला. चौथ्या पत्राचा मजकूर तसाच ठेवून वर "नमस्कार साहेब" व खाली "स्नेहपूर्वक" घातले. पत्र अधिकच वाईट झाले! "चौकशी करून कळविण्यात येईल" या कर्ताहीन वाक्याच्या दोन्ही बाजूंस ते गोड शब्द उपरोधासारखे वाटू लागले. मग उलट केले : "महोदय" व "आपला विश्वासू" तसेच ठेवून मध्ये लिहिले, "3 पुस्तके आमच्याकडेच राहिली असावीत. मी उद्या गोदामात पाहतो व सायंकाळपर्यंत आपणांस कळवितो." थंडपणा बहुतेक गेला. 2019 च्या जानेवारीत यवतमाळ येथे भरलेल्या 92 व्या साहित्य संमेलनाच्या उद्घाटनाचे नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण ऐन वेळी मागे घेतले गेले, तेही ई-मेलनेच. तसल्या मजकुरास कोणता मायना ऊब देणार होता?

अखेरीविषयी एक निराळी गोष्ट सांगावयाची आहे. 2017 मध्ये बूमरँग नावाच्या कंपनीने साडेतीन लाखांहून अधिक ई-मेल-संवाद तपासून असे प्रसिद्ध केले की, आभाराने संपणाऱ्या पत्रांस उत्तर अधिक येते, आणि आगाऊ आभार मानणाऱ्यांस सर्वांत अधिक. ही गणना इंग्रजी पत्रांची. शिवाय आभार मानणारा बहुधा काहीतरी मागत असतो आणि मागणाऱ्यास उत्तर मिळतेच. तेव्हा श्रेय आभाराचे की मागणीचे, हे त्या आकड्यांवरून ठरत नाही. मराठीत तर "आगाऊ" या शब्दानेच घात केला आहे. काम होण्यापूर्वीच आभार मानून टाकणारा गृहस्थ आमच्या कानास थोडा आगाऊच वाटतो. "स्नेहपूर्वक" ची गत याहून बिकट आहे. यंत्रात एकदा बसविले की "पावती मिळाली" एवढ्याशा पत्राखालीही ते हुद्दा व दूरध्वनीसह आपोआप उमटते, आणि दोन-तीन पत्रांतच वाचणारा त्याकडे पाहीनासा होतो. दुसऱ्या पत्रातील "स्नेहपूर्वक" कार्यवाहांस भावले, कारण त्याखाली पाटी नव्हती, नाव होते.

न्यूझीलंडमधील जोन वाल्डव्होगेल या विदुषींनी 2007 मध्ये दोन ठिकाणच्या कचेरी-पत्रांचा अभ्यास प्रसिद्ध केला आहे. शिक्षणसंस्थेत फेररचनेमुळे वरिष्ठांविषयी अविश्वास होता. तेथे पत्रांस मायना व अखेर बेताचीच असे. कारखान्यात माणसे मोकळेपणाने वागत. तेथे ती भरपूर आढळली. आम्हांस हे वाचून आमच्या कार्यवाहांची आठवण झाली, कारण त्यांचाही मायना आटला तो विश्वास आटल्यावर. पण तो विश्वास मुळात आटला होता एका मायन्यामुळेच.

शेवटी आमच्या सांगण्यावरून त्यांनी पुण्यास फोन केला. त्या बाई रजेवर होत्या. चौथे पत्र दुसऱ्याच एका नवख्या कारकुनाने कचेरीतील तयार नमुन्यावरून पाठविलेले होते. 3 पुस्तके 27 मार्चला आली. सोबत बाईंचे पत्र होते, "नमस्कार साहेब" असे. कार्यवाहांनी पोच धाडली ती आम्हांस दाखविली. आरंभी "मा. महोदया" होते. अखेरीस त्यांनी "आपला विश्वासू" लिहून खोडले होते, आणि पुढे नुसतेच आपले नाव घातले होते.