ब्रोडरची शिंगल्स आणि मानपाड्याचा कंटेनर

येणारे मेसेज प्रक्रियेआधीच एकत्र करायचे, असा विषय घेतलात की आंद्रेई ब्रोडर यांचा १९९७चा शोधनिबंध वाचावाच लागतो. निबंध उत्तमच आहे. पण तो वेबपानांसाठी लिहिला होता, आणि आपण त्याचं माप दोन ओळींच्या मेसेजला लावतो. माझा आक्षेप त्यावर आहे.

पद्धत सोपी आहे. मजकुरातल्या लागोपाठच्या तीन-तीन शब्दांचे तुकडे पाडायचे, हीच शिंगल्स. मग दोन मजकुरांतले सामाईक तुकडे भागिले एकूण वेगळे तुकडे, हे झालं साम्य.

आता घोडबंदर रोडवरचा एक कल्पित मेसेज घ्या: 'मानपाडा पुलावर कंटेनर बंद पडला ठाण्याकडे जाणारी वाहतूक ठप्प'. नऊ शब्द, म्हणजे सात तुकडे. कुणीतरी शेवटी 'कृपया पुढे पाठवा' जोडून तो फॉरवर्ड केला, की तुकडे झाले दहा. सामाईक सात, म्हणून साम्य ७/१० = ०.७०. दुसऱ्या कुणी 'पातलीपाडा पुलावर' अशी सुरुवात करून बाकी तेच लिहिलं. इथे फक्त पहिला तुकडा बदलतो: सामाईक सहा, एकूण आठ, साम्य ०.७५.

पाहिलंत? खरी नक्कल ०.७० वर आणि वेगळी घटना ०.७५ वर. सीमारेषा कुठेही ओढा, नक्कल धरून दुसरी घटना सोडता येत नाही.

ब्रोडर यांनी त्याच निबंधात दुसरं माप दिलंय: एक मजकूर दुसऱ्यात किती सामावलाय. त्याने शेपटीचा प्रश्न सुटतो. मूळ मेसेज फॉरवर्डमध्ये ७/७ सामावतो, पातलीपाड्याच्या मेसेजमध्ये ६/७. पण कुणी 'कंटेनर'चं 'कन्टेनर' केलं, तर तिसऱ्या शब्दामुळे तीन तुकडे बिघडतात आणि आकडा ४/७ वर येतो. शुद्धलेखनाची चूक गावाच्या नावापेक्षा महाग पडते, कारण या मापाला सगळे शब्द सारखेच.

म्हणून माझ्या मते शिंगल्सनी फक्त संशयित जोड्या काढाव्यात आणि सीमारेषा मुद्दाम सैल ठेवावी. त्याआधी लेखनभेद एकसारखे करून घ्यावेत. मग ठिकाण, दिशा, तारीख यांपैकी काहीही जुळत नसेल, तर साम्य कितीही असो, जोडी तोडावी.

आणि एकत्र करणं म्हणजे पुसणं नव्हे. दोन नकला सुटल्या तर एकच काम दोनदा होतं, ते पुढे कुणाच्या तरी लक्षात येतं. पण पातलीपाड्याचा मेसेज मानपाड्यात विरघळला, तर तो पुढे कुणाला दिसतच नाही. म्हणून मूळ मेसेज वेळेसकट गटात जपा. चाचणी करताना एकत्र झालेले गटच हाताने उघडून तपासा. ही चूक तिथेच सापडते.