छायाचित्रित मजकुराची मराठी : ‘नये’ आणि ‘नका’

नाशिकच्या रामकुंडावर एखाद्या इंग्रजी फलकावर फोनचा कॅमेरा धरला, की मूळ अक्षरांच्याच जागी मराठी उमटते. ही मराठी ग्रांथिक असावी की बोलण्यातली, हा प्रश्न सहसा शैलीचा मानला जातो. वस्तुतः तो वक्ता कोण, याचा आहे.

खोल पाण्यात शिरण्यास मनाई करणारे वाक्य घेऊ. ‘जाऊ नये’ या रूपात कोणालाही उद्देशून बोलणे नसते. त्यामुळे वाचकाला ‘तू’ म्हणावे की ‘तुम्ही’, हा छायाचित्रातून न कळणारा तपशील टाळता येतो. यंत्राला हे सोयीचे. पण नियम आणि इशारा यांतील भेद तेथे पुसला जातो. पादत्राणांबाबत ‘नये’ शोभते. बुडण्याचा धोका असेल तेथे ‘जाऊ नका’ हवे, कारण तेथे फलकाने हाक द्यावयाची असते.

प्रत्ययांची गोष्ट निराळी. साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी ‘वाढलं’सारखी अनुस्वारयुक्त रूपे बोलण्याचा भास हवा तेथपुरती मान्य केली, एरवी ‘वाढले’. येथे बोलीचा आग्रह अंगलट येतो : मूळ अक्षरांच्या मापात कोंबलेल्या बारीक टंकात शिरोबिंदू हरवतो आणि ‘पाणी वाढल आहे’ असे काहीतरी उरते. मात्रा तगते. म्हणजे क्रियापदाचा अर्थ (आज्ञा की विधी) बोलण्यातून घ्यावा, रूप मात्र एकारान्त ठेवावे.

शिवाय ‘बोलण्यातली’ म्हणजे कोणाच्या बोलण्यातली? बागलाणात अहिराणी बोलणाऱ्याला ‘वाढलं’ हेही पुस्तकीच.