मिनाराच्या माथ्यावरचं आकाश

बीदरच्या महमूद गवान मदरशाचा एक चौदा सेकंदांचा शॉट मी हल्ली पुन्हापुन्हा पाहतो. भालकीच्या एका तरुणानं काढलेला. एरवी तो लग्नांचं शूटिंग करतो, मधल्या काळात आपल्या भागातल्या जुन्या वास्तूंवर छोटी फिल्म जुळवतोय. कॅमेरा दर्शनी भिंतीच्या पायथ्याशी सुरू होतो, उजवीकडच्या मिनाराला धरून वर चढतो आणि घुमटीवर थांबतो. पहिल्यांदा पाहताना डोळा मिनारावरच राहतो. दुसऱ्यांदा मात्र मी डावीकडे पाहिलं आणि मग या पोराचं खरं कौतुक वाटलं.

डावीकडे काहीच नाही. १४७२ साली बांधलेल्या या मदरशाला पूर्वेच्या तोंडावर दोन मिनार होते. १६९६ च्या दारूच्या स्फोटात दक्षिणेचा भाग ढासळला. पूर्वेकडून पाहिलं की उरलेला मिनार उजव्या हाताला येतो आणि डावीकडे ती पोकळी. ही पोकळीच या चौकटीचा अर्थ आहे. म्हणून त्यानं मिनार मध्यावर न घेता उजवीकडच्या तिसऱ्या भागात ठेवलाय आणि डावीकडचं आकाश मोकळं सोडलंय.

शॉट हातावरचा आहे. पुरातत्त्व खात्याच्या वास्तूत ट्रायपॉडला वेगळी परवानगी लागते, ती त्याच्याकडे नव्हती. त्यामुळे मूळ फूटेज हलतं, आणि ते टेबलावर स्थिर करणं आलंच. त्यानं मला टाइमलाइन उघडून दाखवली. सॉफ्टवेअर आधी प्रत्येक फ्रेममधले ठळक बिंदू हेरतं, ते पुढच्या फ्रेममध्ये कुठे सरकले ते मोजतं, त्यावरून हाताची थरथर ओळखतं आणि चित्र उलट दिशेनं तेवढंच सरकवतं. सरकवलं की कडेला काळी पट्टी उघडी पडते. ती झाकायला चित्र मोठं करून कडा कापाव्या लागतात. म्हणजे जेवढा हादरा मोठा, तेवढी चौकट लहान.

नेहमीच्या सेटिंगला, म्हणजे `Subspace Warp` आणि `Smoothness` ५० टक्के, प्रीमियरनं त्याचा शॉट १२४ टक्क्यांवर नेला. हा आकडा निरुपद्रवी वाटतो, पण ३८४० बाय २१६० च्या चित्रातून त्यामुळे जेमतेम ३०९७ बाय १७४२ उरतं. क्षेत्रफळानं पाहिलं तर तिसऱ्या हिश्शाहून जास्त चित्र गेलं. शेवटच्या फ्रेममध्ये घुमटीच्या टोकावर त्यानं सुमारे २४० ओळींचं आकाश राखलं होतं. कापणी वर-खाली सारखी धरली तर वरून २०९ ओळी जातात आणि ३१ उरतात. मिनाराचं डोकं चौकटीला टेकतं. डावीकडची पोकळीही आक्रसते.

त्यानं काय केलं पाहा. `Method` बदलून `Position, Scale, Rotation` केली आणि `Smoothness` दहा-बारापर्यंत खाली आणली. कापणी १०८ टक्क्यांवर आली, वरून ८० ओळीच गेल्या आणि १६० राहिल्या. बदल्यात चित्रात किंचित श्वास राहिला. मिनार वर चढताना हाताचा हलका हेलकावा जाणवतो आणि तो बरा वाटतो, कारण एरवी हा शॉट क्रेनवरून घेतल्यासारखा निर्जीव झाला असता. `No Motion` हा पर्याय तर इथे वर्ज्यच, कारण वर चढणं हीच या शॉटची मुख्य हालचाल. हवी ती हालचाल ठेवून नको ती काढायची, हे तारतम्य त्याच्या हातात आहे.

आणखी एक बारकावा सहज नजरेतून निसटेल. तिसऱ्या सेकंदाला भिंतीवरून पारव्यांचा थवा उठतो. बिंदू हेरणाऱ्या यंत्रणेला पारवा आणि दगड यातला फरक कळत नाही. थव्यामागे ती गेली की इमारतच उलट दिशेनं झोका घेते. त्यानं हा शॉट आफ्टर इफेक्ट्समध्ये नेला, तिथं `Show Track Points` उघडून पारव्यांवरचे बिंदू निवडून काढून टाकले आणि भिंतीवरचे ठेवले. थवा आता उडतो आणि मदरसा जागचा हलत नाही. हे काम कोणाला दिसत नाही, यातच त्याची तब्येत दिसते.

फिल्म शेवटी एचडीमध्ये जाणार होती. चारही कडांची कापणी आधी ४के टाइमलाइनवर झाली आणि मगच चित्र लहान केलं, त्यामुळे मिनारावरच्या निळ्या-हिरव्या टाइल्सच्या नागमोडी पट्ट्यांतली एकही रेघ विरघळलेली नाही. चित्रणच एचडीत असतं, तर १२४ टक्क्यांवर ताणल्यावर या पट्ट्यांचा ठसठशीतपणा आधी गेला असता.

आता याच फिल्ममधला जो शॉट त्यानं टाकून दिला, त्याबद्दल. कलबुर्गीच्या किल्ल्यातली १३६७ ची जामा मशीद आपल्याकडच्या मशिदींत वेगळी पडते. तिला उघडं अंगण नाही, सगळी जागा छताखाली. कडेच्या ओवरीत कमानी रुंद आहेत आणि त्यांचे खांब ठेंगणे, त्यामुळे आत चालताना कमानीमागून कमान सरकत राहते. त्याला ते सरकणंच हवं होतं. कॅमेरा हातात धरून तो चालला.

हे फूटेज स्थिर होईना आणि होणारही नव्हतं. जवळचा खांब आणि लांबचा खांब एकाच पावलाला वेगवेगळं सरकतात. `Position` ला एकच सरकणं कळतं, म्हणून ते जवळचं सांभाळलं की लांबचं हलवतं. `Subspace Warp` चित्राचे तुकडे वेगवेगळे ओढून दोन्ही सांभाळू पाहतं, तेव्हा खांब पाण्यातल्या सावलीसारखे वाकतात. गंमत अशी की कमानींत हे वाकणं लपून जातं, कारण वक्र रेषा थोडी अधिक वक्र झाली तर डोळा माफ करतो. चोरी खांबांच्या सरळ उभ्या कडांवर पकडली जाते. त्यानं ती पाहिली, हेच महत्त्वाचं. दुसरी खूण आणखी निर्विवाद होती. पावलाच्या धक्क्यासरशी काही फ्रेम्स पुसट झाल्या होत्या, कारण शटर १/५० वर होतं. स्थिर केल्यावर खांब जागेवर राहिला, पण दर पावलाला फोकस गेल्यासारखा धूसर होत राहिला. फ्रेममध्ये मुरलेला हादरा स्थिर करून बाहेर निघत नाही.

म्हणून बीदरहून कलबुर्गीची शंभर-सव्वाशे किलोमीटरची खेप त्यानं पुन्हा केली. नवा शॉट चालत घेतलेला नाही. तो एका खांबाला पाठ टेकून उभा राहिला, कोपर पोटाशी, शटर १/१००, आणि फक्त वजन एका पायावरून दुसऱ्यावर नेलं. तेवढ्या हातभर सरकण्यात कमानी एकमेकींमागून निसटतात. कापणी १०४ टक्के. चालण्याचा ओघ गेला खरा, पण कमानींचं निसटणं जास्त स्वच्छ दिसतं, आणि मला तर हाच शॉट फिल्ममधला सर्वांत देखणा वाटतो.

गाणगापूरच्या पालखीचा शॉट मात्र त्यानं जवळजवळ तसाच ठेवलाय. मूळ फूटेज धक्क्यांनी भरलेलं आहे, दिव्यांच्या उजेडात एक-दोन फ्रेम्स तर पूर्ण वाहून गेल्यात. मशिदीचे खांब उद्याही तिथेच असतील. त्या गर्दीतल्या म्हातारीनं पालखीला टेकवलेलं कपाळ नसेल. त्यानं `Smoothness` पाचवर ठेवली, धूसर फ्रेम्स तशाच सोडल्या. पडद्यावर आपल्याला खांद्याला खांदा लागल्याचं जाणवतं, आणि म्हातारीचे दोन्ही हात चौकटीत पूर्ण राहतात.