कोणता जॉलियन?

गॉल्सवर्दीची ‘फोर्साइट सागा’ ही कादंबरीमाला (१९०६–१९२१) वाचणाऱ्या विद्यार्थ्यांना मी एकदा विचारले : जॉलियनचे आयरीनशी नाते काय? उत्तरे तीन आली आणि तिन्ही बरोबर होती. चुलत सासरा, नवरा आणि मुलगा. दोष प्रश्नकर्त्याचा, म्हणजे माझा होता.

या घराण्यात जॉलियन हे नाव पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले आहे. आपल्याकडे नातवाला आजोबांचे नाव ठेवीत, तेव्हा मध्ये एक पिढी तरी जाई. येथे बापाचेच नाव मुलाला दिले जाते. थोरला जॉलियन हा आयरीनचा पहिला नवरा सोम्स याचा चुलता. त्याचा मुलगा धाकटा जॉलियन हा आधी तिचा चुलत दीर आणि १९०१ मध्ये तिचा दुसरा नवरा होतो. त्याचे दोन्ही मुलगेही जॉलियनच. परंतु एकाला जॉली व दुसऱ्याला जॉन म्हणत असल्यामुळे त्यांच्याविषयी घोटाळा कमी होतो. जॉन हा आयरीनचा मुलगा; जॉली मात्र तिच्या या विवाहापूर्वीच, १९०० मध्ये, बोअर युद्धात विषमज्वराने दगावला.

खरी अडचण पहिल्या दोघांची आहे. पहिल्या कादंबरीत लेखक ‘थोरला’ व ‘धाकटा’ ही विशेषणे कटाक्षाने वापरतो. तेथील धाकटा जॉलियन चाळिशीच्या घरातला आहे. म्हणजे हे विशेषण वयाचे नव्हे, विरोधाचे आहे. थोरला १८९२ मध्ये वारल्यावर विरोध संपतो आणि पुढील कादंबऱ्यांत धाकटा पुष्कळदा नुसता ‘जॉलियन’ होतो. आपल्या इतिहासात ही क्रिया उलट दिशेने घडलेली दिसते. माधवराव पेशवे १७७२ मध्ये वारले. ‘थोरले’ ठरण्यासाठी त्यांना पुढे सवाई माधवराव जन्मावे लागले.

तेव्हा विशेषणरहित नावाचा अर्थ ते कोणत्या खंडात आले यावर ठरतो. प्रश्नात खंड सांगितलेला नसेल, तर क्रियापदाकडे वळावे. ‘जॉलियन ओकवृक्षाखाली आयरीनची वाट पाहत असता वारला’ हे थोरल्यालाच लागू पडते. ‘जॉलियनने मुलाला पत्र लिहून आयरीनचा पूर्वेतिहास कळविला’ हे धाकट्यालाच.

परंतु क्रियापदही सर्वत्र पुरे पडत नाही. ‘आयरीनला पैशाचा आधार जॉलियनने दिला काय?’ हा प्रश्न पाहावा. थोरल्याने मृत्युपत्रान्वये तिच्यासाठी पंधरा हजार पौंडांची तरतूद केली. त्या रकमेचा विश्वस्त म्हणून व्यवहार पाहिला धाकट्याने. ‘आधार दिला’ हे दोघांविषयीही म्हणता येते. ‘ठेवला’ असे विचारले असते तर थोरला आणि ‘पोहोचविला’ असे विचारले असते तर धाकटा, हे उघड झाले असते. अशा ठिकाणी उत्तर देणाऱ्याने तर्काने एकाची निवड करू नये. ‘थोरल्याने ठेवला, धाकट्याने सांभाळला’ असे दोघांची नावे घेऊन लिहावे. आणि परीक्षकाने त्याचे गुण कापू नयेत.