‘एग क्वालिटी’च्या डबीवरची चांदणी

ब्रिटनमधल्या एखाद्या मोठ्या फार्मसीत ‘फर्टिलिटी’चं शेल्फ गाठा आणि एक डबी हातात घ्या. समोर मोठ्या अक्षरांत गर्भधारणेबद्दल एक आश्वासक ओळ असते आणि तिच्या शेवटी एक बारीकशी चांदणी. आता डबी उलटी करा आणि मागच्या बारीक अक्षरांत तीच चांदणी शोधा. अनेकदा ती झिंकपाशी जाऊन थांबते.

हे असं का? ब्रिटन आणि युरोपात अशा डब्यांवर फक्त मंजूर यादीतली आरोग्यविषयक विधानंच छापता येतात. ‘सामान्य प्रजननक्षमतेला हातभार लागतो’ हे वाक्य झिंकसाठी मंजूर आहे. त्याचा अर्थ एवढाच, की शरीराला या कामासाठी झिंक लागतं. नेहमीच्या जेवणातून ते मिळत असताना वरून गोळी घेतली तर स्त्रीबीज सुधारतं, असा त्याचा अर्थ नाही. डबीची किंमत मात्र वाढते ती को-एन्झाइम क्यू-१० सारख्या घटकांमुळे, आणि त्याच्या नावावर असं एकही विधान मंजूर नाही. थोडक्यात, बोलतं झिंक आणि पैसे घेतं दुसरंच कोणीतरी. अमेरिकेत असाल तर चांदणीखालचं वाक्य वेगळं दिसेल: या विधानाची तपासणी एफडीएने केलेली नाही. तेही एकदा नीट वाचून बघा.

आता मुळात ‘एग क्वालिटी’ म्हणजे काय ते बघू. ती मोजणारी रक्ततपासणी नाही. एएमएच तपासणीतून अंडाशयात साधारण किती बीजं उरली आहेत याचा अंदाज येतो, ती कशी आहेत हे कळत नाही. बीज चांगलं असणं म्हणजे मुख्यतः त्यात गुणसूत्रांची संख्या बरोबर असणं, आणि त्यावर सगळ्यात मोठा परिणाम वयाचा होतो. ही बीजं तुमच्या जन्माआधीच तयार झालेली असतात. पुढची कित्येक वर्षं ती अर्धवट विभाजनात थांबून राहतात. त्या काळात गुणसूत्रांना एकत्र धरून ठेवणारी प्रथिनं झिजत जातात, आणि ती झीज भरून काढणारी गोळी अजून कुणाला सापडलेली नाही.

म्हणून कुठलाही दावा वाचताना एक शिडी डोळ्यांसमोर ठेवा: जास्त बीजं, बरे दिसणारे भ्रूण, गर्भधारणा, आणि शेवटी बाळ. तुम्हाला हवं असतं ते शेवटच्या पायरीवर. जाहिरात बहुधा पहिल्या-दुसऱ्या पायरीवरचा निकाल दाखवते आणि तो चौथीवरचा असल्यासारखा बोलते.

आधी इनॉसिटॉल. पीसीओएस असेल तर त्यामागे तर्क आहे. ते इन्सुलिनचा संदेश पेशीत पोचवायच्या कामात भाग घेतं, आणि पीसीओएसमध्ये नेमकी तीच साखळी अडखळते. पण २०१८च्या कॉक्रेन आढाव्याने आयव्हीएफ करणाऱ्या पीसीओएसच्या स्त्रियांवरचे प्रयोग तपासले तेव्हा मायो-इनॉसिटॉलने बाळ होण्याचं प्रमाण वाढतं की नाही याबद्दल खात्री देता आली नाही. पुरावा फारच कमकुवत होता. २०२३ची आंतरराष्ट्रीय पीसीओएस मार्गदर्शक तत्त्वं म्हणतात, की विचार करायला हरकत नाही, धोका कमी आहे, चयापचयाला थोडी मदत होऊ शकते, पण ओव्ह्युलेशनसाठी फायदा मर्यादित. आणि पीसीओएस नसेल तर हा तर्कसुद्धा लंगडा पडतो.

व्हिटॅमिन डीची गोष्ट जास्त शिकवणारी आहे. ज्यांच्या रक्तात डी पुरेसं आहे त्यांना आयव्हीएफमध्ये जास्त यश येतं, असं अनेक निरीक्षणांत दिसलं होतं. पण डी पुरेसं असणारी व्यक्ती बऱ्याचदा वजनाने, आहाराने, उन्हात वावरण्यानेही वेगळी असते. मग यश नेमकं कशामुळे? हे तपासायला इटलीत ६३० स्त्रियांवर प्रयोग झाला आणि २०२१मध्ये त्याचा निकाल आला. सगळ्यांचं डी कमी होतं. आयव्हीएफआधी काहींना ६ लाख आययूचा एकच मोठा डोस दिला, बाकीच्यांना खोटं औषध. गर्भधारणा झाली डी घेतलेल्यांपैकी ३७ टक्क्यांना आणि न घेतलेल्यांपैकी ४० टक्क्यांना. म्हणजे फरक पडला नाही. रोजच्या छोट्या डोसबद्दल हा एक प्रयोग शेवटचा शब्द नाही, हे खरं. पण निरीक्षणातला फायदा प्रयोगात कसा विरून जातो ते इथे स्वच्छ दिसतं.

तरी डी घ्याच, पण हाडांसाठी. एनएचएस सगळ्यांना हिवाळ्यात रोज १० मायक्रोग्रॅम, म्हणजे ४०० आययू, घ्यायला सांगते, आणि आपल्यासारख्या सावळ्या कातडीच्या लोकांनी ते वर्षभर घ्यायचा विचार करावा असंही म्हणते. साधी डीची गोळी अगदी स्वस्तात मिळते. डबी, मल्टिव्हिटॅमिन आणि वेगळी गोळी असं तिन्हीकडून येत असेल तर मात्र बेरीज करा. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय रोज १०० मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नका.

राहिले अँटिऑक्सिडंट. त्यातलं क्यू-१० सगळ्यात जास्त गाजलं, ते म्हाताऱ्या उंदरांवरच्या चांगल्या निकालांमुळे. माणसांत २०१८चा एक प्रयोग आहे. पस्तिशीच्या आतल्या, पण अंडाशयाचा साठा कमी असलेल्या १८६ स्त्रियांचा. क्यू-१० घेणाऱ्यांना बीजं जास्त मिळाली, भ्रूणही बरे. गर्भधारणा आणि बाळं थोडी जास्त दिसली, पण तो फरक निव्वळ योगायोग नाही असं म्हणण्याइतका मोठा नव्हता. शिडीच्या दुसऱ्या पायरीपर्यंत आशा, पुढे धुकं. चाळिशीच्या स्त्रीला हा निकाल जसाच्या तसा लावता येत नाही.

आता पुन्हा तीच डबी घ्या आणि आकडे बघा. इनॉसिटॉलच्या प्रयोगांत नेहमीचा डोस दिवसाला ४ ग्रॅम असतो. मोठ्यातल्या मोठ्या कॅप्सूलमध्येही जेमतेम एक ग्रॅम मावतो. म्हणजे ‘दिवसाला दोन गोळ्या’ असं लिहिलं असेल तर त्यात तो डोस असूच शकत नाही. तो पावडरच्या पुडीत मिळतो. त्या २०१८च्या प्रयोगात क्यू-१० रोज ६०० मिलिग्रॅम होतं. तुमच्या डबीत ३० असेल, तर ती त्या प्रयोगाचं नाव घेऊन दुसरंच काहीतरी विकते आहे.

एका घटकाबद्दल मात्र वाद नाही: फॉलिक ॲसिड. रोज ४०० मायक्रोग्रॅम, गर्भधारणेच्या आधीपासून पहिल्या १२ आठवड्यांपर्यंत. मधुमेह वगैरे असेल तर डॉक्टर जास्त डोस देतात. तेही बीज सुधारत नाही. ते बाळाच्या मज्जारज्जूतले दोष टाळतं, आणि हे प्रयोगांनी सिद्ध झालेलं आहे.

आणि ‘निदान ९० दिवस घ्या’ या ओळीपासून जरा जपून. बीजाची पुटिका शेवटच्या टप्प्यात वाढायला साधारण तीन महिने लागतात, तेवढं खरं. पण त्यावरून गोळीचा उपयोग होतो असं ठरत नाही. छत्तिशीच्या पुढे असाल तर एनएचएसमध्ये वर्षभर थांबायची गरज नसते, लवकर तपासणी मागता येते. अमेरिकेत पस्तिशीनंतर सहा महिन्यांत. गोळी घ्यायचीच असेल तर अपॉइंटमेंट घेऊन झाल्यावर घ्या, तिच्याऐवजी नको. डबीचे पैसे परत कमावता येतात. ते तीन महिने येत नाहीत.