सायकल शेवटी यावी

वाढदिवसाला किंवा वर्गात 'सिनेमा ओळखा' खेळायचं म्हटलं की बहुतेक जण सिनेमाचं नावच चित्रांत लिहून मोकळे होतात. 'घर बंदूक बिरयानी' घ्या: 🏠🔫🍛. यात कोडं असं काही नाही. गंमत एवढीच, की आता बहुतेक फोनवर बंदुकीच्या जागी रंगीत पिचकारी दिसते आणि पोरं हमखास रंगपंचमीत अडकतात. पहिल्या फेरीत सगळ्यांचा आवाज मोकळा करायला असं कोडं चालतं. पण मला भावतं ते नाव लपवून गोष्ट सांगणारं कोडं. 'एलिझाबेथ एकादशी'वर (२०१४) रचलेलं हे असंच एक:

🧶 🏦 ⭕⭕⭕ 🌔 👑🚲

आधी हेच कोडं उलट मांडून बघा. सायकल पहिली ठेवली, तर वर्गातल्या बाई आणि वाढदिवसाला आलेले आईबाबा 'जो जीता वही सिकंदर' असं एका सुरात ओरडतील, आणि त्यांचं चुकलं असं म्हणता येणार नाही. मुकुट पुढे आणला, तर राजा-राणीच्या सगळ्या सिनेमांची यादी सुरू होईल. ज्या चित्राने सर्वात जास्त सिनेमे आठवतात ते पुढे ठेवलं की खेळ अंदाजपंचे होतो. इथे सुरुवात लोकरीच्या गुंड्याने होते. लोकर बघून चटकन एकही सिनेमा आठवत नाही, म्हणून सगळे गप्प होऊन बघू लागतात. पंढरपूरच्या त्या घरात आई विणकाम करून संसार चालवते, आणि तिचं मशीन कर्जापायी जप्त होतं. लोकरीशेजारी बँक आली, की ज्याने सिनेमा पाहिलाय त्याच्या मनात हे सगळं जुळायला लागतं. ज्याने पाहिलेला नाही, त्यालाही घरात पैशांची अडचण आहे एवढं कळतं.

तिसरी जागा मला सर्वात आवडते. सायकल विकावी लागू नये म्हणून पोरं यात्रेत बांगड्यांचं दुकान मांडतात. पण इमोजींमध्ये बांगडी नाही. अंगठी आहे, ती घातली तर मंडळी थेट लग्नाच्या सिनेमांवर जातात. एक लाल गोल ठेवला तर तो नुसता गोल. तीन गोल ओळीने ठेवले, की हातात भरलेल्या बांगड्या दिसू लागतात. इथे जी वस्तू हाताशी नव्हती, तिची जागा संख्येने भरून काढली आहे.

चंद्राची निवडही विचारपूर्वक आहे. पौर्णिमेचा पूर्ण गोल 🌕 किंवा कोर 🌙 सहज मिळाली असती. पण पंढरीच्या दोन्ही मोठ्या यात्रा शुद्ध एकादशीच्या. त्या रात्री चंद्र अर्ध्याहून बराच मोठा असतो आणि पूर्ण व्हायला थोडा कमी, म्हणजे नेमका 🌔. अकराचा आकडा घातला असता तर क्रिकेटचा संघ आठवला असता! पंचांग माहीत असलेल्या आजीला इथे नातवंडांच्या आधी उत्तर सुचू शकतं, आणि घरगुती समारंभात असं एक तरी चित्र हवंच.

मुकुट आणि सायकल एकाच कार्डावर आहेत, कारण राणीचं नाव सायकलीलाच दिलेलं आहे. वेगवेगळ्या कार्डांवर आले असते तर एक राणी आणि एक सायकल अशा दोन गोष्टी झाल्या असत्या.

हे कोडं एका दमात दाखवू नये. पाच कार्डं करावीत, एकेक उघडावं. पहिल्यावर ओळखलं तर पाच गुण, शेवटच्यावर एक. प्रत्येक कार्डाला एका गटाचा एकच अंदाज धरावा, नाहीतर पोरं आठवतील ती नावं ओरडत सुटतात. कार्डं रंगीत छापावीत. काळ्या-पांढऱ्या छपाईत लोकरीचा गुंडा डागासारखा दिसतो आणि बांगड्यांचा लाल रंग जातो. प्रत्येक फोनवर चित्रांची ठेवण थोडी वेगळी असते, तेव्हा एकाच फोनवरून चित्र काढून तेच सगळ्यांना दाखवावं.

आदल्या दिवशी कोडं दोघांना दाखवावं, एक सिनेमा पाहिलेला आणि एक न पाहिलेला. पाहिलेल्याला चौथ्या कार्डापर्यंत सुचलं नाही, तर आपण आपल्यापुरतीच खूण घातली आहे असं समजावं. न पाहिलेल्याने दुसऱ्यावरच ओळखलं, तर कुठेतरी नाव फुटलं आहे. दोघांनी दोन वेगळे सिनेमे सांगितले आणि दोन्ही बसत असले, तर बहुधा एकच चित्र बदलावं लागतं. ते कोणतं, हे दोघांना विचारावं, कारण 'कशामुळे तसं वाटलं?' या प्रश्नाला पोरं अगदी नेमक्या चित्रावर बोट ठेवतात.

सगळ्याच सिनेमांना एवढा पसारा लागत नाही. 'झपाटलेला'ला 🦂 पुरतो, कारण तात्या विंचू आडनावासकट सगळ्यांच्या डोक्यात बसलेला आहे. तिथे 🪆 ही बाहुली मुद्दाम घालू नये. ती रशियन बाहुली आहे आणि पोरांना भलत्याच देशात घेऊन जाते; जुन्या फोनवर तर तिच्या जागी रिकामी चौकट येते.